डॉलरचं गणित रुपयात आणताना: शाब्दिक उदाहरणं मराठीत कशी बसवायची

समजा, इंग्रजीतल्या एका सरावपुस्तकातलं हे उदाहरण तुम्हाला पाचवीच्या मराठी वर्गासाठी करायचं आहे. मारियाने शाळेच्या बेक सेलमध्ये प्रत्येकी १.२५ डॉलरचे ३ मफिन आणि ७५ सेंटचं एक लेमोनेड घेतलं. तिने ५ डॉलरची नोट दिली. तिला किती पैसे परत मिळतील?

पहिल्यांदा हे काम करणारा माणूस बहुतेक वेळा दोनांपैकी एक वाट धरतो. पहिली वाट म्हणजे मारियाची मीरा, मफिनचा वडा आणि डॉलरचा रुपया करायचा. मग मीरा सव्वा रुपयाचे तीन वडे घेते, आणि सव्वा रुपयाला वडा कुठे मिळतो यावर वर्गात चर्चा सुरू होते. दुसरी वाट म्हणजे डॉलरचा भाव बघून गुणायचं. डॉलर ८५ रुपये धरला तर मफिन १०६.२५ रुपयांचा आणि लेमोनेड ६३.७५ रुपयांचं होतं, आणि मीराला ४२.५० रुपये परत मिळतात. हे आकडे पाचवीच्या मुलाच्या वहीत आणायचे नाहीत. मूळ उदाहरण सोपं होतं, इथे नुसत्या आकडेमोडीतच मूल थकतं.

या दोन्ही वाटा चुकतात, कारण त्यात शब्द बदलले जातात पण उदाहरण कशासाठी दिलंय हे कुणी बघत नाही. खाली जो क्रम दिला आहे त्यात आधी गणित बाजूला काढायचं आणि मग त्याला नवा प्रसंग घालायचा.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- मूळ उदाहरण, त्याच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन उदाहरणं, आणि शेजारी चित्र असेल तर तेही
- मूळ उत्तरसूची
- त्या धड्याचा हेतू सांगणारी ओळ, शिक्षक हस्तपुस्तिकेत असते ती
- एक दरवही. गावातल्या दुकानांत फिरून पंचवीस-तीस वस्तूंचे आजचे दर लिहून ठेवलेली साधी वही
- त्याच इयत्तेतली चार-पाच मुलं, अर्ध्या तासासाठी
- छापणार किंवा इतरांना वाटणार असाल तर मूळ पुस्तकाच्या परवानगीची माहिती

१. आधी सांगाडा काढा

प्रसंगाचा एकही शब्द न वापरता उदाहरण कागदावर मांडा. मारियाच्या उदाहरणाचा सांगाडा असा:

३ × १.२५ = ३.७५
३.७५ + ०.७५ = ४.५०
५ − ४.५० = ०.५०

आता त्याखाली चार गोष्टी लिहा. किती पायऱ्या आहेत? तीन. मुलाला स्वतःहून शोधावी लागणारी, प्रश्नात न विचारलेली संख्या कोणती? एकूण खर्च, ४.५०. एकक कुठे बदललंय? मफिन डॉलरमध्ये आणि लेमोनेड सेंटमध्ये आहे, म्हणजे ७५ सेंट म्हणजे ०.७५ डॉलर हे मुलाने आधी लिहायला हवं. शेवटचं, हातचा आणि उसना कुठे येतो? गुणाकारात एकदा, बेरजेत दोनदा, आणि वजाबाकीत एकदा उसना घ्यावा लागतो.

एकक बदलण्याची ती बारीक पायरी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. उदाहरण लिहिणाऱ्याने ती मुद्दाम पेरलेली असते, आणि आपण सगळं रुपयात लिहून टाकलं की ती नाहीशी होते.

२. धडा कशाचा आहे, त्यावरून रस्ता निवडा

आपल्या पैशात दशांश जवळजवळ उरलेलाच नाही. २५ पैसे आणि त्याहून लहान नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ५० पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, पण मुलांच्या हातात येत नाही. आज पाचवीत असलेलं मूल या तारखेनंतर जन्मलेलं आहे. पेट्रोल पंपाच्या पाटीवर आणि विजेच्या बिलात त्याला रुपयाचा दशांश दिसतो, पण ते बिल त्याने कधी भरलेलं नसतं. अमेरिकेतल्या मुलाच्या खिशात मात्र सेंटची नाणी खुळखुळतात. त्यामुळे तिकडच्या पैशाच्या उदाहरणात दशांश शिकवला जातो. आपल्याकडे पैसा आणि दशांश यांची फारकत झाली आहे, आणि दोघांपैकी कुणाला सांभाळायचं ते तुम्हाला ठरवावं लागतं. मारियाच्या एका उदाहरणाची म्हणून तीन रूपं होऊ शकतात.

*धडा व्यवहाराचा असेल तर.* खरेदी, एकूण खर्च, परत मिळणारे पैसे हाच विषय असेल तर सगळ्या रकमांना एकाच संख्येने गुणा. इथे २० ने गुणलं की चपखल बसतं.

> शाळेच्या आनंद मेळाव्यात सलमाने २५ रुपयांची एक, अशा ३ भेळ घेतल्या. १५ रुपयांचं एक लिंबू सरबत घेतलं. तिने १०० रुपयांची नोट दिली. तिला किती रुपये परत मिळाले?

७५ आणि १५ मिळून ९०, म्हणून १० रुपये परत. पाच डॉलरची नोट आपोआप शंभराची झाली आणि दरही मेळाव्यात शोभणारे आहेत. मूळच्या बेरजेत दोनदा हातचा होता, इथे एकदाच आहे, आणि सेंटची पायरी गेली. धडा हातच्याचा नसेल तर हे चालतं.

*धडा तीन अंकी संख्यांचा असेल तर.* मग १०० ने गुणा, म्हणजे सेंटला रुपया म्हणा. अंक जसेच्या तसे राहतात, हातचेही तिथेच राहतात, फक्त दशांशचिन्ह जातं.

> मामाने तीन भाच्यांसाठी १२५ रुपयांची एक, अशा ३ कंपासपेट्या आणि ७५ रुपयांची एक रंगपेटी घेतली. त्याने ५०० रुपयांची नोट दिली. दुकानदाराने किती रुपये परत केले?

इथे वस्तू मात्र बदलावीच लागली. सव्वाशे रुपयांची भेळ खाणारी मुलं पुण्या-मुंबईत असतीलही, पण शाळेच्या मेळाव्यात ती दिसायची नाहीत.

*धडा दशांशाचा असेल तर.* मग पैसा सोडा आणि मीटर-सेंटिमीटर घ्या. डॉलर आणि सेंटचं जे नातं तेच मीटर आणि सेंटिमीटरचं, एकाला शंभर.

> शिवणकामासाठी ताईने ५ मीटर लेस आणली. त्यातून तिने प्रत्येकी १.२५ मीटरचे ३ तुकडे आणि ७५ सेंटिमीटरचा १ तुकडा कापला. किती मीटर लेस उरली?

यात सांगाड्यातलं काहीच हरवलेलं नाही. तीनही पायऱ्या, दशांश, एकक बदलण्याची बारीक पायरी, हातचे, सगळं आलं. दुकान तेवढं गेलं, पण या धड्यात दुकान महत्त्वाचं नव्हतंच.

मीटरऐवजी किलो घ्यावा असं वाटू शकतं, कारण बाजारहाट तिथे येतो. पण किलोत हजार ग्रॅम असतात, आणि १.२५ किलो म्हणजे १ किलो २५ ग्रॅम असं लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. ती चूक मूळ उदाहरणात नव्हती. दशांशाची तिसरी जागा शिकवून झाली असेल तेव्हाच किलो-ग्रॅम आणि लिटर-मिलिलिटरकडे वळा.

आणखी एक मोह टाळायचा. १.२५ मीटर ऐवजी 'सव्वा मीटर' लिहिलं की मराठी कानाला गोड लागतं, पण मग मूल आधी सव्वाचा अर्थ लावतं, त्याचे अंक करतं आणि मग गणिताकडे येतं. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही आपली दौलत आहे, पण तिच्यासाठी वेगळं उदाहरण करा. दुसऱ्याच्या दशांशाच्या उदाहरणात ती घुसवली की काठिण्य एका पायरीने वाढतं. पाव शब्दाची तर आणखी गंमत आहे: मिसळीबरोबरचा पाव आणि पाव किलो एकाच वाक्यात आले की हुशार मूलसुद्धा थबकतं.

३. नाणी-नोटांची उदाहरणं दुप्पट करा

निकेल, डाइम, क्वार्टर ही नावं आली की अनुवादक घाबरतात. पाच, दहा आणि पंचवीस सेंटची ही नाणी. आपल्याकडे पंचविसाचं काहीच नाही, म्हणून बरेच जण पंचविसाच्या जागी वीस घालतात आणि उत्तर बिघडवून बसतात. त्यापेक्षा सगळी किंमत दुप्पट करा आणि सेंटचा रुपया करा:

| मूळ नाणं | सेंट | आपल्याकडे |
|---|---|---|
| पेनी | १ | २ रुपयांचं नाणं |
| निकेल | ५ | १० रुपये |
| डाइम | १० | २० रुपये |
| क्वार्टर | २५ | ५० रुपये |
| हाफ डॉलर | ५० | १०० रुपये |
| डॉलर | १०० | २०० रुपये |

उजव्या रकान्यातलं प्रत्येक नाणं किंवा नोट खरोखर चलनात आहे. त्यामुळे एमीकडे ३ क्वार्टर, २ डाइम आणि १ निकेल असतील, म्हणजे ७५ + २० + ५ = १०० सेंट, तर आपल्याकडे ५० च्या ३, २० च्या २ आणि १० ची १ नोट असते, म्हणजे १५० + ४० + १० = २०० रुपये. तिकडे बरोबर एक डॉलर झाला, इकडे बरोबर दोनशेची एक नोट.

'किती प्रकारे' विचारणारी उदाहरणंही तगतात. डाइम आणि निकेल वापरून २५ सेंट तीन प्रकारे होतात: एकही डाइम नाही, एक किंवा दोन. २० आणि १० च्या नोटांनी ५० रुपयेही तीनच प्रकारे होतात.

'कमीत कमी किती नाणी' असं विचारलं असेल तर मात्र सावध. तिकडे ३ सेंटला तीन पेनी लागतात. आपले ६ रुपये २ रुपयांच्या तीन नाण्यांनी होतात, पण मुलाला ५ आणि १ ची नाणी माहीत आहेत आणि ते दोनच नाण्यांत काम भागवेल. त्याचं उत्तर बरोबरच आहे, तुमचं उदाहरण अपुरं आहे. म्हणून 'फक्त २, १०, २० आणि ५० रुपयांचीच नाणी-नोटा आहेत' असं वाक्यात लिहा.

धडा जर क्वार्टर म्हणजे डॉलरचा पाव भाग हे शिकवत असेल, तर पन्नासाची नोट दोनशेच्या नोटेचा पाव भाग म्हणून वापरता येते. मात्र मुलाच्या डोक्यात पन्नास म्हणजे शंभराचा अर्धा असतो. दोनशेची नोट चित्रात दाखवल्याशिवाय हे जमत नाही.

४. कर, टिप आणि सूट

'बुटांची किंमत ४० डॉलर, विक्रीकर ८ टक्के, एकूण किती द्यावे लागतील?' याचं भाषांतर करणं दोन मिनिटांचं काम आहे. पण आपल्याकडे वेष्टनावर छापलेल्या किमतीत सगळे कर धरलेले असतात आणि मुलांनी तेच पाहिलंय. काही मुलं सरळ ४० लिहितात, आणि दुकानाच्या हिशेबाने ते खरं असतं.

कर वेगळा मिळवलेला मुलाला कुठे दिसतो? हॉटेलच्या बिलावर. खाली केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच असा ५ टक्के जीएसटी लावलेला असतो. '४०० रुपयांच्या जेवणावर ५ टक्के कर, एकूण बिल किती?' याचं उत्तर ४२० रुपये. अडीच-अडीच वेगळं दाखवू नका, नाहीतर २.५ टक्के काढायचं नवंच काम मुलाच्या गळ्यात पडतं.

यातही एक गोम आहे. ८ टक्के काढताना मुलाला खरंच शंभराने भागून आठाने गुणावं लागतं, तर ५ टक्के म्हणजे दहा टक्क्यांचं निम्मं, तोंडी होणारं. ८ हा आकडा राखायचाच असेल तर उदाहरण बँकेत न्या: ४०० रुपये ठेवले, दर साल दर शेकडा ८, वर्षाने किती रुपये मिळतील? ४३२. क्रिया तीच, अंकही तेच. फक्त सरळव्याज वर्गात शिकवून झालेलं हवं.

टिपच्या जागी सूट घालण्याची चूक फार होते, कारण 'सेल' आणि 'सूट' मुलांच्या ओळखीचे शब्द आहेत. पण टिप मिळवायची असते आणि सूट वजा करायची असते. प्रसंग ओळखीचा झाला आणि गणित उलटं झालं. मिळवण्याचाच प्रसंग हवा असेल तर मजुरीत वाढ, भाड्यात वाढ, ठेवीवरचं व्याज असं काहीतरी बघा.

५. खाद्यपदार्थ: चवीच्या आधी आकार बघा

अपूर्णांकाच्या धड्यात पिझ्झा येतो, कारण तो गोल असतो आणि त्याचे आठ सारखे तुकडे होतात. पिझ्झा परका आहे म्हणून त्याच्या जागी वड्या घातल्या तर पुस्तकातलं वर्तुळाचं चित्र निरर्थक होतं. गोलाच्या जागी गोलच हवा आणि चौकोनाच्या जागी चौकोन.

गोल वस्तूंत भाकरी सगळ्यांच्या मनात येते. चतकोर हा शब्दच मुळी तिच्यामुळे टिकून आहे. पाव भागापर्यंत ती उत्तम, पण भाकरी हाताने मोडतात आणि तिचे आठ सारखे भाग कुणी करत नाही. आठ भागांसाठी वाढदिवसाचा केक घ्या. तो आता गावोगावच्या बेकऱ्यांत मिळतो आणि सुरीने कापला जातो. शहरातल्या वर्गासाठी पिझ्झा तसाच ठेवला तरी काही बिघडत नाही. सगळं परकं काढायलाच हवं असा नियम नाही.

चौकोनी तव्यातल्या ब्राउनीच्या जागी नारळाच्या वड्या येतात. यात फसगत अशी की घरी वड्या बऱ्याचदा शंकरपाळ्यासारख्या तिरक्या कापतात, आणि कडेला त्रिकोणी तुकडे उरतात. 'ताटातल्या २४ पैकी ६ वड्या खाल्ल्या, कितवा भाग संपला?' असं विचारलं की कडेच्या अर्ध्या वडीचं काय, हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. म्हणून 'ताटात ४ ओळी, प्रत्येक ओळीत ६ सारख्या चौकोनी वड्या' असं लिहा आणि तसंच चित्र काढा.

बारा हा आकडा महत्त्वाचा असेल तर डझनाने मिळणाऱ्या केळ्यांकडे जा. अंडी डझनाने मिळत असली तरी दुकानात मुलाला तिसांचा ट्रे दिसतो, आणि काही घरांत अंडी नसतात. पावाची लादी नको, कारण एका लादीत किती पाव हे प्रत्येक बेकरीत वेगळं असतं. घालायचीच असेल तर 'एका लादीत ८ पाव' असं वाक्यातच सांगून टाका.

पाऊंड आणि औंसाची उदाहरणं सर्वांत चिवट. एका पाऊंडात १६ औंस, म्हणून हातचा सोळाला पडतो. आपल्याकडे तसं एक माप होतं, रुपयाचे सोळा आणे. पण १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि आता सोळा आणे फक्त 'सोळा आणे खरं' एवढ्यापुरते उरले. सोळा सोडून द्या. दहाला न पडणारा हातचा शिकवायचा असेल तर फूट-इंच किंवा डझन आणि सुटे घ्या, तो बाराला पडतो. तास-मिनिटांत साठाला पडतो. अंक नव्याने ठरवावे लागतील आणि उत्तरसूचीही.

६. प्रसंग आणि दर

लेमोनेडची टपरी लावून पैसे मिळवणारी मुलं तिकडे कौतुकाची असतात. आपल्याकडे रस्त्यावर सरबत विकणारं मूल म्हटलं की वेगळंच चित्र उभं राहतं, आणि वर्गात तसं एखादं मूल असूही शकतं. म्हणून आनंद मेळावा किंवा शाळेतला बाजार दिवस. आठवड्याला मिळणाऱ्या पॉकेटमनीसाठी खाऊचे पैसे, पिगी बँकेसाठी मातीचा गल्ला, यार्ड सेलसाठी जुन्या पुस्तकांची विक्री. व्हेंडिंग मशीन आपल्याकडे बहुतेक मुलांनी वापरलेलं नसतं, तिथे प्रसंगच बदला.

दर निवडताना दरवही उघडा, पण भाजीपाला शक्यतो टाळा. टोमॅटोचा दर छापून येईपर्यंत खोटा ठरतो. बिस्किटांचे ५ आणि १० रुपयांचे पुडे मात्र वर्षानुवर्षं त्याच किमतीत मिळतात, कारण कंपन्या दर वाढवण्याऐवजी पुड्यातलं वजन घटवतात. गिऱ्हाइकाला ते आवडत नसेल, उदाहरण लिहिणाऱ्याची मात्र सोय होते.

आणि आपल्या लहानपणाच्या आठवणी उदाहरणात घालू नका. पायली, शेर, चार आणे, कंदिलाचं रॉकेल हे आजच्या मुलाला निकेल-डाइमइतकंच परकं आहे.

उलटी बाजूही ध्यानात ठेवा. अमेरिकेतल्या मराठी शाळांत येणाऱ्या मुलांना डॉलर आणि सेंट रोजचे असतात, परके वाटतात ते रुपये. त्यांच्यासाठी लिहिताना पैसा तसाच राहू द्या आणि फक्त वाक्यं मराठी करा.

७. वाक्यं मराठी करा

इंग्रजीत प्रश्न आधी आणि अट नंतर येऊ शकते. मराठीत आधी माहिती सांगावी आणि शेवटी 'तर किती?' विचारावं. एका वाक्यात एकच माहिती. इथल्या नेहमीच्या ठेचा अशा:

'विकत घेतले' आणि 'विकले'. घाईत वाचणारं मूल 'विकत' बघून विकले समजतं आणि नफ्या-तोट्याच्या धड्यात सगळं उलटं करतं. 'घेतले' एवढं पुरतं.

'१० च्या ५ नोटा' आणि '५ च्या १० नोटा'. दोन्ही ५० रुपयेच, म्हणून चूक दिसत नाही. पण '२० च्या ३ नोटा' ऐवजी '२० नोटा' वाचलं गेलं की घोळ. 'रुपयांच्या' हा शब्द गाळू नका.

'प्रत्येकी' वाक्यात कुठे बसतो ते बघा. 'तिघांनी प्रत्येकी २ पेनं ३० रुपयांना घेतली' यात ३० रुपये एका पेनाचे, दोन पेनांचे की सगळ्यांचे? 'एका पेनाची किंमत १५ रुपये. तिघांनी प्रत्येकी २ पेनं घेतली' असं तोडा.

तिकडच्या किमती ३.९९ सारख्या असतात. त्या अंकांतच ठेवा, अक्षरांत लिहू नका. एकोणपन्नास ऐकून ५९ लिहिणारी मुलं चौथीतही सापडतात, आणि तुमच्या उदाहरणाला तेवढ्याने ती चुकायला नकोत.

८. ताळा

दोन ताळे करायचे असतात. पहिला मोठ्या माणसाकडून. मूळ उदाहरण न पाहिलेल्या सहकाऱ्याला तुमचं मराठी उदाहरण द्या आणि फक्त मांडणी लिहायला सांगा. ती तुमच्या पहिल्या पायरीतल्या सांगाड्याशेजारी ठेवा. पायऱ्यांची संख्या किंवा क्रिया जुळत नसेल तर चूक तुमच्या वाक्यात आहे.

दुसरा ताळा मुलांकडून. उत्तर विचारू नका. उदाहरण वाचू द्या, कागद पालथा घाला आणि विचारा, 'काय झालं ते सांग बघू.' आकडे विसरले तरी चालतील. 'सलमाने भेळ आणि सरबत घेतलं, शंभराची नोट दिली, आता परत किती मिळतील ते काढायचंय' एवढं आलं की उदाहरण बसलं. 'सरबत कशाला घेतलं?' असं विचारलं तर हसून सोडून द्या. 'एवढ्या पैशांत येत नाही' असं म्हणालं तर दरवही उघडा. आणि प्रसंग काहीच न सांगता आकडेच घडाघडा म्हणून 'बेरीज करायची ना?' विचारलं, तर त्या मुलाने उदाहरण वाचलेलंच नाही. तेव्हा वाक्यं आणखी तोडा आणि दुसऱ्या मुलाला द्या, कारण पहिल्याला आता आकडे पाठ झालेले असतात.

दोन्ही ताळे जमले की उत्तरसूची, चित्र आणि त्याच उदाहरणाचे पुढचे उपप्रश्न बदलायला घ्या. 'वरच्या उदाहरणात मारियाने आणखी एक मफिन घेतला असता तर' अशी ओळ तीन पानांनंतर येते आणि तिथे मारिया मारियाच राहून जाते. शिवाय मूळ उत्तर 'पैसे पुरणार नाहीत' हे आहे का ते तपासा. मारियाला चौथ्या मफिनला ७५ सेंट कमी पडतात, सलमाला चौथ्या भेळेला १५ रुपये.